भोकापुढचं एक भोक

घरात पंचिंग मशीन असेल तर एक छोटा प्रयोग करून बघा. वहीच्या कागदाला एक भोक कडेपासून अगदी जवळ पाडा, इतकं जवळ की भोक आणि कड यांच्यामध्ये कागदाची जेमतेम रेघ उरेल. दुसरं भोक चांगलं बोटभर आत पाडा. दोन्ही भोकांत एकेक पेन्सिल घाला आणि कडेच्या दिशेनं ओढा.

पहिलं भोक लगेच फाटेल, यात नवल नाही. गंमत आहे ती फाटण्याच्या आकारात. बऱ्याचदा कागद भोकाच्या दोन्ही बाजूंनी फाटत जातो आणि भोकाच्या रुंदीची छोटी जीभ बाहेर येते, जणू पेन्सिलीनं खण उघडावा तसा भोकापुढचा तुकडा सरकवून काढलाय.

आता मनातल्या मनात कागदाच्या जागी ६ मिमी जाडीचं पोलाद ठेवा, पेन्सिलीच्या जागी बोल्ट आणि हाताच्या जागी कारखान्याच्या छताचं वजन. पोलादही असंच फाटतं. तीच जीभ, तशाच दोन रेषा. मग प्रश्न असा, की भोक कडेपासून किती आत पाडलं म्हणजे ही जीभ बाहेर येणार नाही?

भारतात पोलादी बांधकामं ज्या आयएस ८०० या मानकानुसार होतात, त्यातलं उत्तर एका ओळीचं आहे. भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंतचं अंतर भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट हवं. प्लेटची कड शिअरिंग मशीननं कापलेली किंवा हातानं गॅस कटिंग केलेली असेल, तर १.७ पट हवं.

दीडपट! एवढ्या अवाढव्य गोष्टीसाठी इतका साधा आकडा? पण जरा त्याच्या पोटात शिरू या. अंतर मोजतात ते भोकाच्या मध्यापासून. त्यातलं अर्धं भोक तर पोकळच आहे, तिथे पोलाद नाही. दीडमधून अर्धं वजा केलं की उरतं एक. म्हणजे नियम एवढंच सांगतो, की भोकाच्या पुढे निदान आणखी एका भोकाएवढं सलग पोलाद राहू द्या. आकडेवारीच्या जाड पुस्तकातली ही अट लहान मुलाला बोटानं दाखवता येईल. आणि आपल्या कागदाचं पंचिंग मशीन? त्याचंही आंतरराष्ट्रीय मानक आहे. भोक ६ मिमी, कडेपासून भोकाचा मध्य १२ मिमी. म्हणजे दुप्पट. फायलीतल्या कागदाला पुलाच्या प्लेटपेक्षा उदार वागणूक मिळते.

पण कडेचं अंतर बोल्टच्या व्यासावर न बांधता भोकाच्या व्यासावर का बांधलंय? कारण बोल्ट आणि भोक एकाच मापाचे नसतात. एम-२० बोल्टची दांडी २० मिमीची, पण त्याचं भोक २२ मिमीचं. हे २ मिमी मुद्दाम सोडतात, नाहीतर जागेवर दहा भोकं एकमेकांसमोर आणून त्यांतून बोल्ट सरकवणं अशक्यच होईल. आता प्लेटच्या बाजूनं विचार करा. तिच्यातून पोलाद गेलं ते २२ मिमीचं. त्या पोकळीत बोल्ट केवढा आहे याच्याशी उरलेल्या कडेला काय देणंघेणं? म्हणून कडेचा हिशेब भोकावरून. २२ च्या दीडपट ३३ मिमी आणि १.७ पट ३७.४ मिमी. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कोणी ३७.४ वर खूण करत नाही. तिथे मोजपट्टीवर ४० येतं.

रिव्हेटची गोष्ट मात्र वेगळी. रिव्हेट लालभडक तापवून भोकात घालायचे आणि हातोड्यानं डोकं घडवायचे. त्या माराखाली मऊ झालेली दांडी फुगून भोक पार भरून टाकायची. त्यामुळे रिव्हेटचा हिशेब करताना दांडीचा व्यास भोकाएवढाच धरत. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल असाच रिव्हेटनं जोडलेला आहे. त्यात प्रत्येक भोक भरलेलं. पण कडेचा प्रश्न तिथेही तोच, कारण भोक भरलं म्हणून कापलेलं पोलाद काही परत येत नाही.

आता ते १.७ चं कोडं. प्लेट तीच, भोक तेच, बोल्ट तोच. मग कड कशी कापली यावरून अंतर का बदलावं?

याचं उत्तर कळायला आधी भोकाशेजारी काय चालतं ते बघावं लागेल. नदीच्या पात्रात खडक असला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घेतं, आणि तिथे धार जोरात वाहते. ओढल्या गेलेल्या प्लेटमधलं बळही असंच भोकाला वळसा घालतं आणि भोकाच्या दोन्ही कुशींत दाटी करतं. किती दाटी? जर्मनीच्या अर्न्स्ट गुस्ताव कीर्श यांनी १८९८ साली गणितानं दाखवलं, की रुंद प्लेटमधल्या छोट्या गोल भोकाच्या कुशीत ताण सरासरीच्या बरोबर तिप्पट होतो. भोक लहान असो की मोठं, तिप्पट म्हणजे तिप्पट!

थांबा, मग तर सगळे पूल केव्हाच कोसळायला हवे होते. आपण तिसऱ्या हिश्श्याएवढं ओझं टाकलं तरी भोकाची कूस हद्दीला पोचणार. काचेच्या बाबतीत नेमकं हेच होतं, म्हणून काचेला भोक पाडणारा माणूस श्वास रोखून काम करतो. पोलाद मात्र काचेसारखं अडून बसत नाही. कुशीतलं पोलाद हद्दीला पोचलं की ते तुटत नाही, थोडं ताणलं जातं आणि जास्तीचं ओझं शेजारच्या पोलादाकडे सोपवतं. शेजारी भरला की तो पुढच्याकडे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातलं पातेलं जसं हातोहात पुढे जातं, तसं. शेवटी भोकाच्या बाजूची सगळी रुंदी मिळून ओझं उचलते. पोलादाच्या या ताणल्या जाण्याच्या गुणावर बोल्टच्या जोडाचं सगळं गणित उभं आहे.

आणि शिअरिंग मशीन नेमका तोच गुण हिरावून घेतं. दोन पात्यांमध्ये प्लेट दाबून तोडली की कडेजवळचा पट्टा आधीच मर्यादेपर्यंत ताणून झालेला असतो. तो कडक होतो आणि त्यात बारीक चिरा पडतात. हातानं चालवलेल्या गॅस कटरची कड वेडीवाकडी, खाचा असलेली येते. प्रत्येक खाच म्हणजे फाटण्याची सुरुवात करून दिलेली जागा, कापडाला कात्रीचा छोटा छेद देऊन मग हातानं फाडावं तशी. म्हणून अशा कडेचा थोडा भाग धरायचाच नाही, असं म्हटलं तरी चालेल. १.५ आणि १.७ मधला फरक म्हणजे २२ च्या भोकाला सव्वाचार-साडेचार मिमी. एवढ्या पट्ट्यात पोलादाचा ताणण्याचा गुण राहिला की गेला, याची ती किंमत आहे.

कड झाली. आता एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचं अंतर, म्हणजे पिच. इथे नियम अचानक भाषा बदलतो. पिच बोल्टच्या व्यासाच्या किमान अडीचपट हवी, भोकाच्या नव्हे! एम-२० साठी ५० मिमी.

हे का? एक कारण तर पान्याचं आहे. एम-२० चा नट सपाट बाजूंमध्ये ३० मिमी रुंद असतो आणि त्याखालचा वॉशर ३७ मिमीचा. ५० मिमी पिचवर दोन वॉशरमध्ये १३ मिमी मोकळे राहतात. याहून जवळ आणलंत तर पाना फिरणार कुठे? नट आणि वॉशर यांची मापं बोल्टवरून ठरतात, म्हणून हा आकडाही बोल्टवरून. रिव्हेटच्या काळात पान्याच्या जागी डोकं घडवणारं हत्यार होतं. रिव्हेटचं गोल डोकं दांडीच्या १.६ पट, म्हणजे त्या हत्यारालाही चालायला जागा हवीच.

दुसरं कारण पुन्हा पोलादाचं. ओढण्याच्या आडव्या दिशेला भोकांची रांग पाडली तर काय होतं? टपालाच्या तिकिटांचा जुना कागद आठवा. ओळीनं भोकं पाडलेली, हलक्या हातानं ओढलं की तिकीट सुटं. प्लेटमध्ये दर ५० मिमीवर २२ मिमीचं भोक पाडलं, तर सलग उरतात २८ मिमी. म्हणजे रुंदीचे ५६ टक्के.

हा आकडा वाचून इतिहासाची आवड असणारा इंजिनिअर दचकेल. मँचेस्टरचे विल्यम फेअरबेर्न यांनी १८३८ पासून रिव्हेटचे जोड ओढून तोडून पाहिले आणि १८५० साली निष्कर्ष छापले. सलग प्लेटची ताकद १०० धरली, तर रिव्हेटच्या एका रांगेच्या जोडाची ५६ आणि दोन रांगांच्या जोडाची ७०. आपला ५६ आणि त्यांचा ५६ जुळणं हा योगायोगच. त्यांचं लोखंड वेगळं, मापं वेगळी. पण दोन्हींमागचा धडा एकच आहे. भोकं म्हणजे प्लेटमधून वजा केलेली ताकद, आणि ती किती वजा होईल हे पिच ठरवते.

आता खरी मजा. आपण एक जोड बांधू या आणि सगळे आकडे एकमेकांसमोर उभे करू.

समजा छताच्या कैचीतली एक पट्टी आहे, १०० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड, नेहमीच्या सौम्य पोलादाची. तिच्यावर सुरक्षेचे गुणक धरून १२० किलोन्यूटन ओढ आहे, म्हणजे सुमारे बारा टन. ती १० मिमीच्या गसेट प्लेटला जोडायची आहे. आपण ४.६ ग्रेडचे तीन एम-२० बोल्ट घेऊ, पट्टीच्या लांबीत एका ओळीत. कडेला ४०, पिच ५०. किमान नियम पाळून.

हा जोड किती वाटांनी तुटू शकतो? पहिली वाट बोल्टची. दोन प्लेटा एकमेकींवर सरकू पाहतात आणि बोल्टची दांडी काकडीसारखी कापली जाते. अशा एका बोल्टला कोड ४५.३ किलोन्यूटन मान्य करतं. तीन बोल्टांचे १३५.८.

दुसरी वाट सलग पट्टीची. भोकांपासून दूर ती ताणून लांब व्हायला लागते, १३६.४ वर.

तिसरी वाट भोकाची. तिथे १०० पैकी ७८ मिमी उरलेत आणि तिकिटासारखं फाटायला १३८.२ लागतात.

बघितलंत? १३५.८, १३६.४, १३८.२. बोल्ट, सलग पट्टी आणि भोकाची जागा, तिघंही जवळजवळ एकाच वेळी थकणार. मी आकडे बसवून आणलेले नाहीत. १०० बाय ६ ची पट्टी बाजारात सहज मिळते आणि एम-२० बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात. चांगल्या जोडात असंच व्हावं. एक भाग भीमासारखा आणि दुसरा काडीसारखा असेल, तर भीमाचं पोलाद वाया गेलं.

चौथी वाट राहिली. तीच, कागदाची जीभ. बोल्ट भोकाच्या पुढच्या भिंतीला दाबतो, भिंत चेपते, भोक लांबट होतं आणि शेवटी पुढचा तुकडा बाहेर सरकतो. ही ताकद कडेच्या अंतरावर आणि पिचवर अवलंबून असते आणि कोड ती एका साध्या गुणकात मांडतं. कडेचं अंतर भागिले भोकाच्या व्यासाची तिप्पट. हा गुणक १ झाला की पोलाद आपली पूर्ण ताकद देतं.

जरा थांबून हे मनात घोळवा. पूर्ण ताकदीसाठी कडेला तीन भोकांएवढं अंतर हवं, आणि नियमाचं किमान अंतर आहे दीड भोक. म्हणजे किमान अंतरावर गुणक बरोबर अर्धा! नियमाचा आकडा पाळला म्हणून पोलादाची पूर्ण ताकद मिळत नाही. मिळते ती फक्त निम्मी. दीड हा आकडा म्हणजे घरात पाऊल टाकायचा उंबरठा, बैठकीची खोली पुढे आहे.

पिचचा गुणकही असाच. पिच भागिले भोकाच्या व्यासाची तिप्पट, आणि त्यातून पाव वजा. हा पाव आला कुठून? मागच्या बोल्टच्या नजरेनं बघा. तो पुढे ढकलतोय, आणि त्याच्या पुढे प्लेटची कड नाही, शेजारच्या बोल्टचं भोक आहे. पोलादाच्या दृष्टीनं पोकळी म्हणजे कडच. मागच्या भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या जवळच्या काठापर्यंतचं अंतर पिचपेक्षा अर्ध्या भोकानं कमी असतं. कोड जरा जास्त सावध राहून अर्ध्याऐवजी पाऊण भोक वजा करतं, आणि पाऊण भोकाला तीन भोकांनी भागलं की येतो पाव. म्हणजे कडेचं सूत्र आणि पिचचं सूत्र ही एकाच सूत्राची दोन रूपं आहेत. शेजाऱ्याचं भोक ही तुमची कड, एवढंच.

आपल्या जोडात आकडे घालू. कडेचा गुणक ४० भागिले ६६, म्हणजे ०.६०६. पिचचा ५० भागिले ६६, वजा पाव, म्हणजे ०.५०८. लहान तो खरा, म्हणून ०.५०८. त्यावरून एका बोल्टमागे पोलाद ५० किलोन्यूटन देतं, तीन बोल्टांचे १५०. बोल्टच आधी थकणार होता, १३५.८ वर, त्यामुळे ही चौथी वाट आपल्याला नडत नाही. जोड १२० ला पास.

मग अंतर वाढवलं तर ताकद वाढेल का? इथे बरेच जण फसतात. कडेला ६६ आणि पिच ८२.५ दिली तर पोलाद जवळजवळ पूर्ण ताकदीला येतं, बोल्टमागे ९६ किलोन्यूटन. पण बोल्ट अजूनही ४५.३ लाच तुटणार. सगळं जास्तीचं पोलाद शोभेचं.

उलट चूक याहून नेहमीची. जोड मजबूत करायचाय म्हणून कोणी ४.६ ऐवजी ८.८ ग्रेडचे बोल्ट टाकतं. त्याच मापाचा बोल्ट आता ९०.५ किलोन्यूटन घेतो, दुप्पट. पण भोकं तीच, ४० आणि ५० वर. पोलाद ५० च्या वर एक कणही द्यायला तयार नाही. म्हणजे दुप्पट ताकदीच्या बोल्टचे पैसे मोजले आणि बोल्टमागे हाती आले जेमतेम पाच किलोन्यूटन.

पण आता बोल्ट आणि अंतर दोन्ही एकत्र बदला. ८.८ चे फक्त दोन बोल्ट घ्या. कडेला ४० ऐवजी ४५, पिच ५० ऐवजी ६०. गुणक होतो ०.६५९. बोल्टमागे ६४.८५ किलोन्यूटन, दोघांचे १२९.७. १२० ला पुरून उरले! कडेला पाच मिमी आणि पिचमध्ये दहा मिमी वाढवून एक अख्खा बोल्ट कमी झाला. आणि जोडाची लांबी बघा. आधी ४० अधिक ५० अधिक ५० अधिक ४०, म्हणजे १८० मिमी. आता ४५ अधिक ६० अधिक ४५, म्हणजे १५०. अंतरं वाढवली आणि जोड आखूड झाला! हे पहिल्यांदा कागदावर उतरतं तेव्हा माणूस बेरीज पुन्हा करून बघतो.

मग अंतर वाढवतच का नेऊ नये? कारण कोड वरूनही लगाम घालतं, आणि हा लगाम भोकावर नाही, प्लेटच्या जाडीवर बांधलेला आहे. ओढ घेणाऱ्या पट्टीत ओढीच्या दिशेला पिच जाडीच्या १६ पटीपेक्षा किंवा २०० मिमीपेक्षा, यातलं जे कमी त्याहून जास्त नको. दाब घेणाऱ्या भागात जाडीच्या १२ पट किंवा २०० मिमी. आपल्या ६ मिमी पट्टीला ९६ मिमी. विचार करा, दोन बोल्ट फार लांब बसवले तर मधली प्लेट मोकळी राहते. दाबाखाली ती दोन टाक्यांमधल्या कापडासारखी फुगून बाहेर येते. आणि दाब नसला तरी फटीत पावसाचं पाणी शिरतं, गंज चढतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो पाचरीसारखा प्लेटा एकमेकींपासून उचलतो. समुद्रकाठच्या जुन्या पुलांवर दोन प्लेटांमध्ये गंजाचे थर दिसतात आणि मधली प्लेट लाटेसारखी वळलेली असते, ती यामुळे. पिचचा किमान आकडा पोलाद फाटू नये म्हणून आणि कमाल आकडा पोलाद एकमेकांपासून सुटू नये म्हणून.

आता एका नेहमीच्या चुकीकडे येऊ, कारण तिथे भोकाच्या व्यासाचं महत्त्व सगळ्यात उघडं पडतं. जागेवर पट्टी उचलली आणि भोकं समोरासमोर आली नाहीत. क्रेन वर थांबलीय. कोणीतरी गॅस कटर घेतो आणि तिन्ही भोकं मोठी करतो, २२ ची ३०. बोल्ट गेले, नट कसले, वॉशरखाली सगळं झाकलं गेलं. कडेपासूनचं अंतर तर बदललं नाही, अजून ४० च आहे. मग बिघडलं काय?

सगळंच. दीडपट आता २२ ची नाही, ३० ची. ४० मिमी जे काल १.८ पट होतं, ते आज १.३३ पट झालं, किमान नियमाच्या खाली. पिचचा गुणक ०.५०८ वरून ०.३०६ वर आला. बोल्टमागे पोलादाची ताकद ५० वरून ३० किलोन्यूटनवर घसरली, आणि सैल भोकासाठी कोड त्यातही आणखी कपात करतं. तीन बोल्टांचे ९० सुद्धा उरत नाहीत, आणि हवे आहेत १२०. कड हलली नाही, बोल्ट हलला नाही, मोजपट्टीवर सगळं जागच्या जागी आहे. फक्त प्रत्येक भोक आठ मिमीनं मोठं झालं. वर त्या भोकाची भिंत आता हातानं कापलेली, खाचांची.

असं काही आत चाललंय हे बाहेरून कसं ओळखायचं? पोलाद फाटण्याआधी बोलतं, ते ताणलं जाण्याच्या त्याच गुणामुळे. बोल्टच्या समोर प्लेटची सरळ कड बाहेर फुगलेली दिसते, गालात सुपारी धरावी तशी. वॉशरच्या मागच्या बाजूला भोकाची चंद्रकोर उघडी पडते, कारण गोल भोक लांबट झालेलं असतं. रंगाला त्या जागी बारीक भेगा जातात आणि पावसाळ्यानंतर तिथून गंजाचा ओघळ खाली येतो. काच असं काही सांगत नाही. ती एकदम जाते.

भोक नटाखाली लपलेलं असतं, ते मोजायचं कसं असं वाटेल. पण नट दिसतो, आणि नटाचं माप बोल्टशी बांधलेलं आहे. एम-१२ पासून एम-२४ पर्यंतचे आकडे घालून बघा. किमान दीडपटीचा नियम पाळलेला असेल, तर नटाची सपाट बाजू संपल्यापासून प्लेटची कड येईपर्यंत अर्ध्या नटाहून थोडी जास्तच जागा उरते. एम-२० ला नटाचा अर्धा १५ मिमी आणि उरलेली जागा १८. पुढच्या वेळी रेल्वेच्या पादचारी पुलावर गाडीची वाट बघत उभे असाल, तेव्हा खांबाजवळच्या प्लेटवरचा शेवटचा नट शोधा आणि नटापासून कडेपर्यंतची जागा नजरेनं तोला. अर्ध्या नटाहून कमी दिसली, तर तिथे किमान अंतराचा नियम मोडलेला आहे.